चाळिशीतला टर्म विमा: हप्त्याचा आकडा नेमका कुठून येतो?

प्रश्न: वय ४०, नोकरी, सिगारेट-दारू नाही. ५० लाखांचा २० वर्षांचा टर्म प्लॅन बघतोय. कोटेशन वर्षाला १०,९०० रुपये, आणि हप्ता वीस वर्षं तोच राहणार म्हणतात. माणूस चाळिशीत मरण्याची शक्यता कमी आणि साठीजवळ जास्त, मग दर वर्षी हप्ता सारखा कसा? हा आकडा काढतात तरी कसा? एजंट म्हणतात, टर्ममध्ये पैसे वाया जातात, त्यापेक्षा हप्ते परत मिळणारा प्लॅन घ्या. त्याचा हप्ता मात्र २२,४०० आहे. दुप्पट का? कृपया 'कंपनी ठरवते' असं उत्तर नको, गणित सांगा.

उत्तर:

गणितच सांगतो. विमा कंपनीच्या प्रायसिंग विभागात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तिथे हप्त्याचं काम एका समीकरणावर चालतं: लोकांकडून येणाऱ्या हप्त्यांचं आजचं अपेक्षित मूल्य आणि लोकांना द्यायच्या रकमेचं आजचं अपेक्षित मूल्य, दोन्ही बाजू समान. बाकी सगळं या दोन बाजू कशा भरायच्या याचा तपशील आहे. तुमचंच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ.

आधी मृत्यूचे आकडे. भारतात विमाधारकांच्या मृत्यूंचा प्रमाण तक्ता इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया प्रसिद्ध करते. सध्याचा तक्ता 'इंडियन अश्योर्ड लाइव्ह्ज मॉर्टॅलिटी २०१२-१४' या नावाचा आहे. त्या वर्षांत विमा कंपन्यांच्या पॉलिसीधारकांपैकी प्रत्येक वयाचे किती जण जोखमीखाली होते आणि त्यातले किती गेले, या भागाकारातून तो तयार झाला आणि १ एप्रिल २०१९ पासून वापरात आला. कच्चे भागाकार वर-खाली उड्या मारतात, म्हणून त्यांवरून एक गुळगुळीत रेघ ओढतात. त्या रेघेवरचा प्रत्येक आकडा सांगतो की या वयाचा माणूस पुढचा वाढदिवस बघण्याआधी जाण्याची शक्यता किती. ४० व्या वर्षी ती ०.००१६८० आहे. म्हणजे चाळिशीच्या एक लाख विमाधारकांमधले १६८ जण वर्षभरात जातील.

हा तक्ता भारतातल्या सगळ्या लोकांचा नाही, विमा घेतलेल्यांचा आहे. विमा घेणारा माणूस साधारणपणे कमावता असतो, त्याच्या प्रकृतीची चौकशी झालेली असते. त्यामुळे जनगणनेच्या किंवा नमुना नोंदणीच्या मृत्यूदरापेक्षा इथला दर कमी येतो. कुणाचा तक्ता वापरायचा हा प्रश्न जुना आहे. इंग्रजी अमलात इथल्या विलायती कंपन्या भारतीय माणसाकडून जादा हप्ता घेत असत. १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही विमा संस्था उभी राहिली, ती भारतीय लोकांना नेहमीच्या दराने विमा देण्यासाठीच.

आता समजा तुम्हाला फक्त एकाच वर्षाचा विमा हवा आहे. १६८ जणांच्या घरी प्रत्येकी ५० लाख द्यायचे, म्हणजे ८४ कोटी. एक लाख लोकांनी वाटून घेतले तर माणशी ८,४०० रुपये. पण हप्ता आज येणार आणि क्लेम वर्षाअखेरीस जाणार असं धरलं, तर मधल्या काळात कंपनी त्या पैशावर व्याज मिळवते. व्याज ६ टक्के धरू. मग आज ७,९२५ रुपये पुरतात, कारण ७,९२५ ला १.०६ ने गुणलं की ८,४०० होतात. एका वर्षाच्या विम्याची ही शुद्ध किंमत. खर्च नाही, कमिशन नाही, नफा नाही.

हाच हिशोब पुढच्या वयांना लावला तर असं दिसतं:

| वय | वर्षभरात जाणारे (दर लाखात) | ५० लाखांच्या एका वर्षाच्या विम्याची शुद्ध किंमत |
|---|---|---|
| ४० | १६८ | ७,९२५ |
| ४५ | २५८ | १२,१६५ |
| ५० | ४४४ | २०,९२५ |
| ५५ | ७५१ | ३५,४३९ |
| ५९ | १,०३९ | ४९,०२४ |

तुमची शंका बरोबर आहे, जोखीम वीस वर्षांत सहापटीने वाढते. दर वर्षी त्या वर्षाची किंमत घ्यायची, अशा पॉलिसी असतात. नोकरीतला समूह विमा बहुतेक असाच दर वर्षी नव्या दराने नूतनीकरण होतो. पण वैयक्तिक विम्यात ही पद्धत दोन कारणांनी तुटते. पहिलं उघड आहे, पंचावन्नाव्या वर्षी ३५ हजार भरणं जड जातं. दुसरं कारण कंपनीच्या जिवावरचं आहे. हप्ता वाढत गेला की धडधाकट माणसं विचार करतात, 'मला काय झालंय?' आणि पॉलिसी सोडतात. ज्याला मधुमेह आहे, ज्याची बायपास झाली आहे, तो काही केल्या सोडत नाही. उरलेल्या गटाचा मृत्यूदर तक्त्यापेक्षा वर जातो, दर आणखी वाढवावा लागतो, आणखी निरोगी माणसं जातात. आमच्या भाषेत ही प्रतिकूल निवड.

यावरचा तोडगा अठराव्या शतकात लंडनमध्ये निघाला. जेम्स डॉडसन नावाच्या गणितज्ञाने वयानुसार ठरणारा पण मुदतभर सारखा राहणारा हप्ता कसा काढायचा ते दाखवलं आणि त्या पायावर १७६२ साली इक्विटेबल सोसायटी उभी राहिली. त्याआधी १६९३ मध्ये एडमंड हॅली (धूमकेतूवाला तोच) याने ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून मृत्यूतक्ता करून ठेवला होता. आजही आम्ही करतो ते तत्त्वतः तेच, फक्त बेरीज संगणक करतो.

आता वीस वर्षांचं गणित. पहिली बाजू, कंपनीने द्यायचे पैसे. तुम्ही पहिल्या वर्षी गेलात तर ५० लाख द्यायचे. त्यांचं आजचं मूल्य ४७,१६,९८१ आणि असं घडण्याची शक्यता ०.००१६८. गुणाकार ७,९२५, तो वर आलाच आहे. विसाव्या वर्षी गेलात तर? ६ टक्क्यांनी वीस वर्षांनंतरच्या ५० लाखांचं आजचं मूल्य फक्त १५,५९,०२४ रुपये. आणि शक्यता? इथे नवखे हमखास गडबडतात, ५९ व्या वयाचा ०.०१०३९३ हा दर तसाच उचलतात. पण विसाव्या वर्षी मरायला आधी एकोणीस वर्षं जगावं लागतं. चाळिशीच्या लाखातले ९१,५२४ जण ५९ पर्यंत पोचतात, म्हणून शक्यता ०.९१५२४ × ०.०१०३९३, म्हणजे ०.००९५१२. गुणाकार १४,८३० रुपये.

जोखीम सहापट वाढली, पण आजच्या रुपयांत तिचं वजन दुपटीच्याही आत राहिलं. व्याज हे काम करतं. मधल्या अठरा वर्षांचे असेच गुणाकार काढून सगळ्या वीसांची बेरीज केली की २,२५,७०१ रुपये येतात. तुम्ही आज एकरकमी हे पैसे भरले तर, या गृहीतकांवर, वीस वर्षांचा विमा विकत घेतलात. व्याज धरलंच नसतं तर हीच बेरीज ४,७१,३७५ झाली असती.

दुसरी बाजू, तुम्ही भरायचे पैसे. हप्ता दर वर्षाच्या सुरुवातीला, आणि माणूस जिवंत असेल तरच. दर वर्षी एक रुपया भरायचा ठरवला तर त्या वीस रुपयांचं आजचं मूल्य किती? पहिला रुपया आजच, पूर्ण एक. दुसरा वर्षाने, तो ०.९४३४ गुणिले जिवंत असण्याची शक्यता ०.९९८३२. असं करत विसाव्या रुपयाचं मूल्य जेमतेम ३० पैसे उरतं. बेरीज ११.८८. याला वार्षिकी म्हणतात. कुणीच मेलं नसतं तर ती १२.१६ आली असती. म्हणजे या वयाला मृत्यूमुळे हप्त्यांची बाजू फारशी घटत नाही, वीसाचे बारा होतात ते व्याजामुळे.

आता भागाकार. २,२५,७०१ ला ११.८८ ने भागलं की १८,९९८ रुपये. तुमच्या पॉलिसीचा शुद्ध सम हप्ता हा. सूत्रात मांडायचं तर:

```
P × Σ (l[t]/l[0]) · v^t  =  S × Σ (d[t]/l[0]) · v^(t+1)
```

`P` म्हणजे वार्षिक हप्ता, `S` म्हणजे विम्याची रक्कम, `l[t]` म्हणजे t वर्षांनी जिवंत असलेले, `d[t]` म्हणजे पुढच्या वर्षभरात जाणारे, `v` म्हणजे 1/1.06. ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांच्यासाठी वय ४० ते ५९ चे दर आणि चार ओळींचा हिशोब:

```python
q = [.001680,.001815,.001969,.002144,.002345,
     .002579,.002851,.003168,.003536,.003958,
     .004436,.004969,.005550,.006174,.006831,
     .007513,.008212,.008925,.009651,.010393]
S, v = 5000000, 1/1.06
l, A, a = 1.0, 0.0, 0.0
for t, qx in enumerate(q):
    a += l * v**t
    A += l * qx * v**(t+1)
    l *= 1 - qx
print(S*A, a, S*A/a)
```

१८,९९८ हा आकडा वरच्या तक्त्याशेजारी ठेवा. वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंत तुम्ही त्या-त्या वर्षाच्या जोखमीपेक्षा जास्त भरता, ५० पासून कमी. वीस किमतींची ही साधी सरासरी नाही. साधी सरासरी काढलीत तर आकडा जास्त येईल, कारण महाग वर्षं शेवटी आहेत आणि तिथवर आधीचे जादा पैसे व्याजासह फुगलेले असतात.

ते जादा पैसे कुठे जातात? हा भाग एजंट सांगत नाहीत आणि बहुतेक लेखांतही नसतो, म्हणून जरा थांबून बघू. एक लाख चाळिशीचे लोक आज एकदम आले असं समजा. पहिल्या दिवशी १९० कोटी जमा. व्याजासह वर्षाअखेर २०१ कोटींच्या वर. १६८ क्लेमचे ८४ कोटी गेले. ११७ कोटी उरले. कंपनीच्या ताळेबंदात हे नफा म्हणून लिहिता येत नाहीत, ते पॉलिसीधारकांच्या देण्यापोटी राखीव असतात. दुसऱ्या वर्षी ९९,८३२ लोकांचे हप्ते त्यात पडतात, निधी वाढतो. दहाव्या वर्षाअखेर तो हजार कोटींच्या थोडा वर असतो, बाराव्याअखेर १,०६८ कोटींवर शिगेला पोचतो आणि तिथून उतरू लागतो. विसाव्या वर्षी चित्र उलटं झालेलं असतं: ९१,५२४ जणांकडून हप्ते येतात १७४ कोटी, क्लेम जातात ४७५ कोटींच्या वर. फरक त्या साठलेल्या निधीतून भरला जातो आणि शेवटचा क्लेम दिल्यावर निधी शून्यावर येतो. हप्ता बरोबर काढला आहे की नाही याची हीच परीक्षा. शेवटी पैसे उरले तर हप्ता जास्त होता, कमी पडले तर कमी होता. विद्यार्थ्यांना मी सूत्रापेक्षा हा निधीचा तक्ता आधी एक्सेलमध्ये करायला लावतो, चूक असेल तर शेवटच्या रकान्यात दिसतेच.

माणशी बघितलं तर दहा वर्षांनी जिवंत असलेल्या प्रत्येकाच्या नावे सुमारे १,०३,६०० रुपये राखीव असतात. ५० ते ५९ या दहा वर्षांचा विमा एकरकमी घ्यायला २,४८,३०० लागतील, आणि त्याच्याकडून यायच्या हप्त्यांचं मूल्य १,४४,७०० च आहे. या दोहोंतला फरक म्हणजे तो राखीव निधी. दहा वर्षांनी तुम्ही नियमित हप्त्याची साधी टर्म पॉलिसी बंद केलीत तर यातलं सहसा काहीच हातात मिळत नाही. प्रत्यक्षात पहिल्या वर्षांतला कमिशनचा आणि तपासण्यांचा खर्च यातूनच भरायचा असतो, तेव्हा सगळा लाख कंपनीच्या घशात जातो असंही नाही. पण 'टर्ममध्ये पैसे वाया जातात' हे वाक्य कुठे खरं असेल तर ते इथे. वीस वर्षं जगलेल्याचे पैसे मेलेल्यांच्या घरी गेले, तो व्यवहारच होता. मध्येच सोडणाऱ्याने मात्र महाग वर्षांसाठी आगाऊ भरलेले पैसे मागे ठेवले.

आता मुद्दा असा की तुमचं कोटेशन १०,९०० आहे आणि माझा शुद्ध हप्ताच १८,९९८ येतो. कुठेतरी मोठा फरक आहे. व्याजाने तो निघतो का बघू. ६ ऐवजी ४ टक्के धरून सगळं पुन्हा केलं तर हप्ता २०,६०९ होतो, म्हणजे दोन टक्के व्याज कमी होऊनही साडेआठ टक्क्यांचीच वाढ. कारण हप्ते आणि क्लेम दोन्ही वीस वर्षांवर पसरलेले आहेत, व्याज दोन्ही बाजूंना हलवतं. (एकरकमी किंमत मात्र २,२५,७०१ वरून २,८३,९११ वर जाते, जवळपास २६ टक्के. सिंगल प्रीमियम पॉलिसीत कंपनी व्याजदराला इतकी का घाबरते ते यावरून कळेल.) तेव्हा टर्मचा हप्ता जवळजवळ निम्मा व्हायला व्याज पुरत नाही. क्लेम वर्षाअखेर नव्हे तर सरासरी वर्षाच्या मध्यावर द्यावा लागतो ही दुरुस्ती केली तर उलट हप्ता १९,५६० पर्यंत चढतो.

उरतो मृत्यूदर. टर्मचा हप्ता मृत्यूदराच्या जवळजवळ थेट प्रमाणात हलतो. दर निम्मे केले की हप्ता निम्मा. तुमच्या १०,९०० मध्ये कमिशन, प्रशासन, तपासणी, पुनर्विमा आणि नफ्याचा वाटा समजा २० टक्के आहे. पुनर्विमा म्हणजे कंपनीने आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या विमा कंपनीकडे उतरवणं. २० टक्के हे माझं गृहीतक, कंपनीगणिक वेगळं असतं. मग शुद्ध हप्ता ८,७२० उरतो, म्हणजे तक्त्यावरच्या हप्त्याच्या ४६ टक्के. मध्येच पॉलिसी सोडणाऱ्यांच्या मागे राहिलेल्या पैशांचा थोडा हातभार यात असतो. तो सोडला तर कंपनीने तुमचा मृत्यूदर प्रमाण तक्त्याच्या निम्म्याच्या आसपास धरला आहे.

का? कारण प्रमाण तक्त्यात सिगारेट ओढणारे-न ओढणारे, लहान रकमेच्या बचत पॉलिसी घेतलेले, गावातले-शहरातले सगळे एकत्र आहेत. तुम्ही ५० लाखांचा शुद्ध विमा मागताय, उत्पन्नाचा पुरावा देणार, रक्त-लघवी तपासून घेणार, धूम्रपान नाही असं लिहून देणार. अशा गटाचा अनुभव तक्त्यापेक्षा बराच हलका असतो. शिवाय आत्ताच तपासलेला माणूस पहिली दोन-चार वर्षं त्याच वयाच्या जुन्या पॉलिसीधारकापेक्षा कमी मरतो. म्हणून कंपन्या तक्त्याचे अमुक टक्के असं गृहीत धरतात. स्त्रियांना वयाने काही वर्षं लहान मानायचं हीही त्यातलीच रीत. उलट तपासणीत साखर किंवा रक्तदाब सापडला तर 'जादा ५० टक्के मृत्यूदर' असा शेरा पडतो आणि हप्ता जवळजवळ दीडपट होतो.

हे टक्के ठरवण्यातच खरी कसोटी आहे, कारण दोन वेगळ्या प्रकारची चूक इथे शक्य असते. एक नशिबाची. लाखात १६८ अपेक्षित असताना एखाद्या वर्षी १५० जातील, एखाद्या वर्षी १८५. १६८ च्या वर्गमुळाएवढा म्हणजे सुमारे १३ चा चढउतार स्वाभाविक आहे. दोन्हीकडे २६ पर्यंत गेलं तरी कुणी दचकत नाही. गट मोठा असला की ही चूक टक्केवारीत लहान होते. हजारच पॉलिसी असलेल्या कंपनीला मात्र १.६८ मृत्यू अपेक्षित असतात आणि चार क्लेम आले तर वर्ष बुडालं. म्हणून पुनर्विमा घेतात.

दुसरी चूक दराचीच. १६८ धरले आणि खरा दर २०० असला, तर गट कितीही मोठा करा, तोटा फक्त मोठा होतो. कोविडने हे दाखवलं. तिथे मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र राहिले नाहीत, एका लाटेत सगळ्या वयांचे क्लेम एकदम आले. त्यानंतर पुनर्विमा कंपन्यांनी भारतातल्या टर्मचे दर वाढवले आणि ती वाढ नव्या ग्राहकांच्या हप्त्यात उतरली. जुन्या पॉलिसींचे हप्ते तसेच राहिले, कारण ते करारात बांधलेले होते. कंपनीत ही चूक पकडायची खूण म्हणजे प्रत्यक्ष क्लेम भागिले अपेक्षित क्लेम हे गुणोत्तर, वयोगट आणि पॉलिसीचं वय यांनुसार काढलेलं. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलंच गुणोत्तर एकाच्या वर गेलेलं दिसलं तर समजायचं की तक्त्याची चूक नाही, आजार लपवून लोक आत येत आहेत. पहिल्या तीन वर्षांतल्या क्लेमची इतकी कसून चौकशी होते ती याचमुळे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही. प्रस्ताव अर्जात खरं लिहिणं तुमच्याच सोयीचं आहे, तो ४६ टक्क्यांचा दर त्या उत्तरांवर उभा आहे.

जीएसटीबद्दल एक ओळ: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर तो नाही. तुमच्या कोटेशनमध्ये १८ टक्के दिसत असतील तर ते कोटेशन जुनं आहे.

आता हप्ते परत देणारा प्लॅन. समीकरण तेच, फक्त देण्याच्या बाजूला एक पद वाढतं: वीस वर्षांनी जिवंत असलेल्याला २० हप्ते परत. चाळिशीच्या लाखातले ९०,५७३ जण साठीला पोचतात. म्हणजे शक्यता ०.९०५७, आणि वीस वर्षांनंतरच्या रुपयाचं आजचं मूल्य ३१ पैसे. दोन्ही गुणून ०.२८२४. परत द्यायचे वीस हप्ते, म्हणून ५.६५ हप्त्यांएवढं देणं आजच वाढलं. हप्त्यांची बाजू ११.८८ होती, त्यातून हे ५.६५ वजा केले की ६.२३ उरतात. २,२५,७०१ भागिले ६.२३१८ म्हणजे ३६,२१८ रुपये. १८,९९८ ची जवळजवळ दुप्पट. संगणकावर करायचं तर वरच्या कोडच्या खाली `S*A/(a - 20*l*v**20)` एवढंच. तुमच्या दोन कोटेशनांतलं प्रमाणही दुपटीचंच आहे, ते कुणाच्या लहरीने आलेलं नाही.

तेव्हा 'फुकट विमा, पैसे परत' असं कुणी म्हटलं तर त्या प्लॅनचे दोन तुकडे करून बघा. एक तुकडा तुमचा १०,९०० चा टर्म. दुसरा तुकडा उरलेले ११,५०० रुपये, दर वर्षी, वीस वर्षं. त्या बदल्यात साठीला मिळणार २२,४०० × २० म्हणजे ४,४८,०००. ११,५०० दर वर्षाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांनी साठवले तर वीस वर्षांनी ४,४८,४१६ होतात. म्हणजे हा दुसरा तुकडा जवळपास ६ टक्के देणारी आवर्ती ठेव आहे, आणि तेही तुम्ही जगलात तर. मध्येच काही झालं तर घरच्यांना ५० लाखच मिळतील, ते जादा भरलेले हप्ते वेगळे मिळत नाहीत. खरं तर याच अटीमुळे जगणाऱ्याला थोडं जास्त व्याज पडायला हवं, कारण गेलेल्यांचा परताव्याचा वाटा उरलेल्यांत वाटला जातो. माझ्या शुद्ध आकड्यांत ६ टक्के धरूनही साठी गाठणाऱ्याला साधारण ६.६ टक्के पडतात. तुमच्या कोटेशनमध्ये ते ६ वर आलेत. मधला फरक खर्च आणि कंपनी स्वतःच्या गुंतवणुकीवर किती कमी व्याज धरते यात गेला.

तेच ११,५०० दर एप्रिलच्या सुरुवातीला पीपीएफमध्ये टाकले, आणि २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर वीस वर्षं टिकला असं धरलं, तर ५,१०,००० च्या आसपास होतात. तो दर सरकार बदलू शकतं, प्लॅनमधले ४,४८,००० करारात लिहिलेले असतात, हा फरक आहे. पीपीएफचं खातं पंधरा वर्षांचं असतं, पुढची पाच वर्षं मुदतवाढ अर्ज देऊन घ्यावी लागते. आणि मध्ये तुमचं काही झालं तर ते पैसे ५० लाखांच्या वर, वेगळे, वारसाला मिळतात.